कागदावर अकरा आर: एका सेटअपच्या पेपर ट्रेडिंगचा महिना

हे प्रकरण एका शिकाऊ ट्रेडरचं आहे. तिने महिनाभर एकच सेटअप, म्हणजे खरेदी-विक्रीच्या ठरलेल्या नियमांचा संच, खरे पैसे न लावता कागदावर चालवला आणि महिनाअखेरीस वहीत अधिक ११ आर असा निकाल लिहिला. आर म्हणजे एका ट्रेडमध्ये ठरवून पत्करलेली जोखीम. स्टॉपलॉस, म्हणजे तोट्यात बाहेर पडण्याचा आधीच ठरवलेला भाव, लागला तर वजा १ आर, जोखमीच्या दुप्पट फायदा झाला तर अधिक २ आर. एका ट्रेडवर भांडवलाच्या अर्धा टक्का जोखीम, असं तिने पहिल्याच दिवशी ठरवलं होतं. म्हणजे ११ आर हा साडेपाच टक्क्यांचा महिना झाला, आणि पुढच्या महिन्यापासून खरे पैसे लावायचं तिच्या मनात पक्कं होत होतं. त्याआधी ती वही मी ओळीओळीने तपासली. तपासणीनंतर त्या ११ आरमधलं काहीच उरलं नाही. कुठे, कसं आणि का गेलं, ते वहीतूनच दिसलं. वही नीट ठेवलेली असली तर तेवढं सांगायला ती पुरते.

सेटअप साधा होता. बाजार उघडल्यानंतरच्या पहिल्या १५ मिनिटांत शेअरने जो उच्चांक आणि नीचांक केला, तो पट्टा म्हणजे ओपनिंग रेंज. त्यानंतर पाच मिनिटांची एखादी कँडल, म्हणजे चार्टवर तेवढ्या वेळातली भावाची हालचाल दाखवणारा उभा ठोकळा, या पट्ट्याच्या वर बंद झाली की तो ब्रेकआउट, आणि मग खरेदी. स्टॉपलॉस पट्ट्याच्या मध्यावर, टार्गेट २ आर. दोन्हीपैकी काहीच लागलं नाही तर बाजार बंद होण्याच्या १५ मिनिटं आधी बाहेर. फक्त पहिला ब्रेकआउट घ्यायचा आणि पहिल्या दोन तासांनंतर नवी एंट्री नाही. पट्ट्याची रुंदी भावाच्या ०.४ ते १.५ टक्क्यांच्या बाहेर असली तर त्या दिवशी तो शेअर सोडून द्यायचा. भरपूर उलाढाल असलेले पाच शेअर ठरवले, आणि महिनाभर सहावा आणला नाही.

सेटअपची निवड चांगली होती, आणि तो नफा देईल की नाही याच्याशी त्या चांगलेपणाचा संबंध नाही. एक म्हणजे, महिन्यात पुरेसे सिग्नल मिळतील असा तो होता. आठवड्याला एखादाच ट्रेड देणारा सेटअप महिनाभर कागदावर चालवला तर हाती चार-पाच ओळी येतात आणि त्यातून काहीच कळत नाही. दुसरं म्हणजे, नियम इतके नेमके होते की दुसऱ्या कुणालाही तोच चार्ट दाखवला तर तो त्याच कँडलवर बोट ठेवेल. "मजबूत ब्रेकआउट दिसला की घ्यायचं" असा नियम असता, तर महिन्यानंतर तपासायला काही उरलंच नसतं. हरलेला प्रत्येक ब्रेकआउट मागाहून कमजोरच दिसतो.

वहीत ३८ ट्रेड होते. १४ वेळा टार्गेट, १८ वेळा स्टॉपलॉस आणि सहा ट्रेड वेळ संपल्यामुळे बंद केलेले. या सहांची बेरीज अधिक १ आर. हिशोब बरोबर होता: २८ वजा १८ अधिक १, म्हणजे ११. बेरजेत चूक नव्हती. ज्या आकड्यांची बेरीज केली, ते आकडे कसे वहीत आले हा खरा प्रश्न होता.

पहिली भेग एंट्रीच्या भावात सापडली. वहीतली एक ओळ अशी होती: पट्टा ४०७.०० ते ४१२.००, एंट्री ४१२.००, स्टॉपलॉस ४०९.५०, टार्गेट ४१७.००, निकाल अधिक २ आर. आता चार्ट बघू. ज्या कँडलने ब्रेकआउट दिला ती ४१२.६० ला बंद झाली, आणि पुढची कँडल ४१२.८० ला उघडली. नियम म्हणतो की कँडल पट्ट्याच्या वर बंद झाली तरच खरेदी. म्हणजे ४१२.०० हा भाव जेव्हा येऊन गेला, तेव्हा सिग्नल जन्मलाच नव्हता. खरा माणूस लवकरात लवकर ४१२.८० ला आत शिरला असता. मग स्टॉपलॉसपर्यंतचं अंतर २.५० नव्हे तर ३.३० होतं, आणि २ आरचं टार्गेट ४१९.४०. शेअरचा त्या दिवसाचा उच्चांक होता ४१७.६०. टार्गेट लागलंच नाही. ठरलेल्या वेळी बाहेर पडताना भाव ४१४.४५ होता, म्हणजे १.६५ भागिले ३.३०, अर्धा आर. वहीत दोन आर, प्रत्यक्षात अर्धा.

ऐंशी पैशांच्या फरकाने दीड आर गेला हे पहिल्यांदा वाचताना पटत नाही, पण यंत्रणा अशीच आहे. उशिराची एंट्री दोन्हीकडून चावते: जोखीम वाढते आणि त्या वाढलेल्या जोखमीच्या दुप्पट अंतरावर टार्गेट सरकतं. हरणाऱ्या ट्रेडवर मात्र तिचा आरमध्ये परिणाम दिसत नाही. स्टॉपलॉस त्याच जागी असल्यामुळे तो लागायचा तेव्हा लागतोच, आणि जोखीम वाढली तितकी शेअरची संख्या कमी घेतली असल्याने तोटा एक आरच राहतो. म्हणून या चुकीने फक्त जिंकणारे ट्रेड फुगतात. पेपर ट्रेडिंगच्या वह्यांमध्ये हा दोष फार आढळतो, कारण पट्ट्याची रेष चार्टवर ठळक दिसते आणि हात आपोआप तिचाच भाव लिहितो.

सगळे ३८ ट्रेड पुढच्या कँडलच्या उघडण्याच्या भावाने पुन्हा मांडले. एकाच पाच मिनिटांच्या कँडलमध्ये टार्गेट आणि स्टॉपलॉस दोन्ही आले, तर स्टॉपलॉस आधी लागला असं धरायचं, हाही नियम लावला; कारण कँडलच्या आत आधी काय झालं ते त्या कँडलवरून कळत नाही, आणि शंकेचा फायदा स्वतःला देणारी वही पुढे महाग पडते. १४ टार्गेटपैकी १० उरले. तीन ट्रेड वेळ संपल्यावर बंद झाले, त्यांची बेरीज अधिक ०.८. एक ट्रेड दूर गेलेल्या टार्गेटपर्यंत न पोहोचता परत फिरला आणि स्टॉपलॉसवर गेला. आधीच्या सहांची बेरीज अधिक १ वरून वजा ०.४ झाली. आता एकूण: २० अधिक ०.८, वजा १९, वजा ०.४. म्हणजे अधिक १.४ आर. एकही नियम न बदलता, फक्त नियमाप्रमाणे भाव लिहिल्यावर.

दुसरी भेग दिसली ती तिच्याच एका चांगल्या सवयीमुळे. तिच्या वहीत वेळेचे दोन रकाने होते: सिग्नलची वेळ आणि नोंदीची वेळ. बहुतेक लोक दुसरा रकाना ठेवत नाहीत, आणि माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे. ३८ पैकी सात ओळींमध्ये या दोन वेळांत दहा मिनिटांपेक्षा जास्त अंतर होतं. काहींत तर तासाच्या वर. या सातपैकी सहा ट्रेड वहीप्रमाणे टार्गेटला गेलेले. वेळेत लिहिलेल्या ३१ ओळींमध्ये टार्गेट होते फक्त आठ. उशिरा लिहिलेले ट्रेड जवळपास सगळे जिंकतात आणि वेळेवर लिहिलेले चारात एक जिंकतो, हे सेटअपचं वैशिष्ट्य असू शकत नाही. ती दुसऱ्या शेअरवर लक्ष ठेवून होती, इकडचा ब्रेकआउट नजरेतून सुटला, नंतर चार्टवर वर गेलेली कँडल दिसली आणि "हा तर आपल्या नियमातच होता" म्हणून तो वहीत आला. नियमात होताच, त्यात खोटं काही नव्हतं. पण जो सुटला आणि खाली गेला, तो नंतर नजरेत भरत नाही, आणि मग वहीतही येत नाही.

हे पडताळून पाहायला मार्ग एकच. महिना संपल्यावर पाचही शेअरचे सगळे २१ दिवस, म्हणजे १०५ चार्ट, एकेक कँडल पुढे सरकवत तपासले आणि नियमात बसणारा प्रत्येक सिग्नल एका वेगळ्या पानावर लिहिला. हे काम कंटाळवाणं आहे, एक पूर्ण सुट्टीचा दिवस खातं, पण त्याशिवाय वहीत काय नाही हे कळायला दुसरा उपाय नाही. सिग्नल निघाले ४६. म्हणजे आठ वहीत नव्हतेच.

या आठांपैकी तीन ती म्हणाली तसे खरोखरच नजरेतून सुटलेले होते, आणि तिन्ही स्टॉपलॉसवर गेले होते. वर म्हटलेली शंका इथे खरी ठरली. उरलेले पाच तिने पाहिले होते, पण घेतले नव्हते. तारखा लावून बघितल्यावर पाचही सलग दोन किंवा तीन तोट्यांच्या लगेच नंतरचे निघाले. "त्या दिवशी बाजार साथ देत नव्हता," असं तिचं म्हणणं. या पाचांत तीन टार्गेट, एक स्टॉपलॉस आणि एक जवळपास शून्यावर बंद: एकूण अधिक ५ आर. पैसे लागलेले नसतानाही तोट्यानंतर हात आखडतो, ही गोष्ट मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत गंभीर वाटते. पेपर ट्रेडिंगमध्ये भावना येत नाहीत असं म्हणतात. त्या येतात, फक्त कमी जोराने. कागदावर पाच सिग्नल सोडणारा माणूस खऱ्या पैशांनी जास्तच सोडणार हे धरून चालावं. तेव्हा न घेतलेल्या प्रत्येक सिग्नलची ओळ वहीत हवीच: वेळ, भाव, आणि का घेतला नाही ते त्याच क्षणी लिहिलेलं एक वाक्य. निकाल नंतर भरता येतो. कारण मात्र नंतर लिहिलं तर ते निकालाप्रमाणे बदललेलं असतं.

आठही सिग्नल मिळून अधिक २ आर झाले. ३८ चे १.४ धरून ४६ सिग्नलचे अधिक ३.४ आर. आता यातून खर्च वजा करायचा.

खर्चाचा रकाना तिच्या वहीत नव्हता. दलाली, कर, शुल्क, खरेदी-विक्रीच्या भावातली तफावत आणि स्टॉपलॉस लागताना ठरल्यापेक्षा वाईट भाव मिळणं, म्हणजे स्लिपेज, हे सगळं मिळून जाऊन-येऊन भावाच्या ०.०५ टक्के धरलं. प्रत्येकाने आपल्या बाजारातले आणि आपल्या ब्रोकरचे आकडे घालावेत. इथे महत्त्वाचं आहे ते पुढचं. खर्च भावाच्या टक्केवारीत लागतो, पण आपला हिशोब आरमध्ये चालतो, आणि आर म्हणजे स्टॉपलॉसचं अंतर. वरच्या उदाहरणात ४१२ च्या शेअरवर हा खर्च साधारण ०.२० येतो. स्टॉपलॉस ३.३० दूर होता, तेव्हा खर्च ०.०६ आर. त्याच शेअरचा पट्टा एखाद्या दिवशी नियमातला किमान, म्हणजे ०.४ टक्के असेल, तर मध्यापर्यंतचं अंतर जेमतेम ०.८२. तोच ०.२० खर्च आता जवळपास पाव आर होतो. अशा दिवशी टार्गेट लागून दोन आर मिळतात असं वही म्हणते, पण हातात पावणेदोन येतात, आणि स्टॉपलॉस लागला तर सव्वा आर जातो.

तिच्या सगळ्या सिग्नलमध्ये स्टॉपलॉसचं सरासरी अंतर भावाच्या अर्धा टक्का होतं. म्हणजे सरासरी खर्च दर ट्रेडला ०.१ आर, आणि ४६ ट्रेडला ४.६ आर. ३.४ वजा ४.६: महिन्याचा खरा निकाल वजा १.२ आर.

हा आकडा बघून तिने विचारलं, "मग सेटअप फेल?" नाही, तेही म्हणता येत नाही. या सेटअपमध्ये एकेक निकाल वजा १ ते अधिक २ च्या दरम्यान उड्या मारतो. ४६ निकालांचं प्रमाण विचलन, म्हणजे निकाल सरासरीभोवती किती विखुरले आहेत ते, काढलं तर १.३ आरच्या आसपास येतं. त्याला ४६ च्या वर्गमूळाने, म्हणजे सुमारे ६.८ ने भागलं की सरासरीतली अनिश्चितता कळते: ०.१९ आर. तिची दर ट्रेड सरासरी वजा ०.०३ आर. दुप्पट अनिश्चितता दोन्हीकडे धरली तर खरी सरासरी वजा ०.४ पासून अधिक ०.३५ पर्यंत कुठेही असू शकते. यातलं एक टोक म्हणजे भांडवल हळूहळू संपवणारा सेटअप, दुसरं टोक म्हणजे उत्तम सेटअप. मूळचे ११ आर खरे असते, तरी हीच अडचण होती: ३८ ट्रेडमध्ये सरासरी ०.२९, अनिश्चितता ०.२२. दुप्पट केली की शून्य आतच येतं. एका महिन्याचा कागद सेटअप नफ्याचा आहे हे सिद्ध करूच शकत नाही. नियम न बदलता सिग्नल दोनशेच्या पुढे गेले की चित्र जरा स्पष्ट होऊ लागतं.

मग महिन्याने काय मिळालं? आपण नियमाप्रमाणे वागतो का, वही खरी लिहितो का, खर्च किती, आणि तोट्यांची रांग किती लांब येते, हे मिळालं. ४६ सिग्नल तारखेनुसार लावल्यावर सलग सहा स्टॉपलॉसची एक रांग निघाली. अर्ध्याहून थोडे जास्त ट्रेड स्टॉपलॉस किंवा तोट्यात संपणाऱ्या सेटअपमध्ये अशी रांग अगदी सामान्य आहे. पुढे दहाचीही येईल. अर्धा टक्का जोखमीने सहा म्हणजे खर्च धरून तीन टक्क्यांच्या वर घट. ही रांग तिला वहीत जाणवली नव्हती, कारण त्या रांगेच्या मधोमधचे दोन सिग्नल वहीत आलेच नव्हते.

आता दुसऱ्या महिन्याची आखणी. तिला दोन गोष्टी बदलायच्या होत्या: पट्ट्याची किमान रुंदी ०.४ वरून ०.८ टक्के करायची, आणि टार्गेट २ आरऐवजी १.५ आर ठेवायचं. पहिला बदल मी मान्य केला, दुसरा नाही. रुंदीचा बदल खर्चाच्या गणितातून आला आहे. एकही ट्रेड न बघता, नुसत्या कागद-पेन्सिलीने तो काढता आला असता. टार्गेटचा बदल मात्र याच ४६ निकालांकडे बघून सुचला, कारण तीन-चार ट्रेड १.५ वर जाऊन परत फिरले होते. पुढच्या महिन्यात दुसरेच तीन-चार १.५ पार करून २ वर जातील. जो बदल निकाल पाहून सुचतो तो त्याच निकालांवर नेहमीच चांगला दिसतो. तो वहीच्या मागच्या पानावर तारखेसह लिहून ठेवायचा आणि नव्या, न पाहिलेल्या दिवसांवर तपासायचा. नियम बदलला म्हणून मोजणीही एकपासून सुरू: जुने ४६ नव्या नियमाच्या खात्यात जमा धरायचे नाहीत.

वहीची ओळ आता अशी ठरली. सिग्नल येताच, निकाल कळण्याआधी: तारीख, शेअर, पट्ट्याचा उच्चांक व नीचांक, सिग्नलची वेळ, नोंदीची वेळ, पुढच्या कँडलचा उघडण्याचा भाव, स्टॉपलॉस, टार्गेट, आणि जोखमीला स्टॉपलॉसच्या अंतराने भागून आलेली शेअरची संख्या. ही संख्या खरोखर जितकं भांडवल लावणार आहात त्यावरूनच काढायची; डेमो खात्यात मिळालेल्या मोठ्या काल्पनिक रकमेवरून काढली, तर पुढे कुठलाच आकडा ओळखीचा वाटत नाही. घेतला की सोडला, सोडला तर का. सोबत त्या क्षणीच्या चार्टचा स्क्रीनशॉट, ज्यात उजवीकडे पुढच्या कँडल अजून उमटलेल्या नाहीत. ट्रेड संपल्यावर: बाहेर पडल्याचा भाव आणि वेळ, खर्चाआधीचा आर, खर्चानंतरचा आर, आणि मधल्या काळात भाव आपल्या विरुद्ध आणि आपल्या बाजूने जास्तीत जास्त किती गेला ते. या शेवटच्या दोन आकड्यांचा उपयोग पहिल्या महिन्यात होत नाही. शंभरेक ट्रेडनंतर स्टॉपलॉसच्या जागेबद्दल बोलायचं झालं, तर मात्र तेच लागतात, आणि मागे जाऊन भरणं जिकिरीचं होतं.

नोंद पाच मिनिटांत झाली नाही, तर ती ओळ "उशिरा" असा शेरा मारून लिहायची आणि मुख्य बेरजेत धरायची नाही; पण महिनाअखेरच्या १०५ चार्टांच्या तपासणीत तो सिग्नल येणारच, त्यामुळे लपणारही नाही. दर आठवड्याच्या शेवटी त्या आठवड्याचे चार्ट तपासले तर महिन्याच्या शेवटी डोंगर साचत नाही.

खऱ्या पैशांकडे जाण्याच्या अटी तिने दुसरा महिना सुरू होण्याआधी लिहून सही केल्या. नियमात बसणाऱ्या दर वीस सिग्नलमागे सुटलेले किंवा सोडलेले मिळून एकाहून जास्त नकोत. उशिराच्या ओळी दर वीसमागे एकाहून जास्त नकोत. खर्च वजा जाता बेरीज शून्याच्या वर हवी. फार वर असण्याचा आग्रह नाही, कारण एवढ्या ट्रेडमध्ये त्याला अर्थ नाही. पहिल्या दोन अटी तिच्या हातात आहेत, तिसरी नाही. म्हणून पहिल्या दोन मोडल्या तर तिसरी कितीही चांगली दिसली तरी महिना पुन्हा करायचा, असं ठरलं.

अटी पुऱ्या झाल्या तरी पहिले ट्रेड बाजार देईल तितक्या कमीत कमी संख्येने, शक्य असेल तिथे एकेका शेअरने. त्यातून कमाई करायची नाही. कागदाला जे मुळीच मोजता येत नाही ते मोजायचं आहे: ऑर्डर प्रत्यक्षात कुठल्या भावाला भरली जाते. वहीत दोन रकाने शेजारी शेजारी येतात, "कागदी एंट्री" आणि "प्रत्यक्ष एंट्री", तसेच बाहेर पडतानाही. एका शेअरची ऑर्डर लगेच भरते. मोठी ऑर्डर तुकड्यातुकड्यांत, चढत्या भावाला भरते. म्हणून इथे सापडलेला फरक हा कमीत कमी धरायचा. सरासरी फरक स्टॉपलॉसच्या अंतराने भागून आरमध्ये मांडायचा आणि खर्चाच्या ०.१ शेजारी ठेवायचा. तो आणखी ०.१ निघाला, तर ४६ ट्रेडच्या महिन्यात आणखी ४.६ आर जातात. दुसऱ्या महिन्याची बेरीज तेवढं सोसूनही शून्याच्या वर राहते का, हे बघूनच शेअरची संख्या एकावरून दोनवर न्यायची.